बिघा आणि सेरच्या फॉरवर्डबद्दल खुलासा

सध्या फिरणारा फॉरवर्ड सांगतो: “जुन्या हिंदी कागदांचं भाषांतर करताना १ बिघा = २,५२९ चौरस मीटर आणि १ सेर = १ किलो धरा.”

यातला बिघ्याचा आकडा उत्तर प्रदेशातल्या पक्क्या बिघ्याचा, म्हणजे ३,०२५ चौरस यार्डांचा आहे. पश्चिम उत्तर प्रदेशात कच्चा बिघा त्याच्या साधारण एक तृतीयांश भरतो. २० बिस्वे म्हणजे १ बिघा. त्यामुळे ‘४ बिघे १० बिस्वे’ पक्के असतील तर सुमारे १.१४ हेक्टर, कच्चे असतील तर जेमतेम ०.३८. दस्तात ‘पुख्ता’ म्हणजे पक्का लिहिलंय की ‘खाम’ म्हणजे कच्चा ते पाहा, त्याच गटाच्या खतौनीतल्या, म्हणजे तिथल्या जमीन-नोंदीतल्या, हेक्टरशी ताडून घ्या. भाषांतरात मूळ माप तसंच ठेवून रूपांतर तळटीपेत द्यावं. सेर हे वजनाचं माप, पण तोही पूर्ण १ किलो नाही: ८० तोळ्यांचा प्रमाण सेर ०.९३३ किलो. फॉरवर्ड कृपया थांबवा.