अठरा पैकी तीस

आमच्या बिलिंग टूलचं नवीन व्हर्जन आलं की रिलीज नोट्स आणि एरर मेसेज मराठीत करून सपोर्टच्या पोरांना द्यायचं काम माझ्या गळ्यात पडतं, आणि सगळ्यांना वाटतं त्यात काय एवढं, चार ओळी तर आहेत. अहो, चारच ओळी असतात हाच तर त्रास आहे. यावेळची सगळ्यात गरीब दिसणारी ओळ ही:

```
Import now respects account locale.
```

आता याचं सरळ मराठी केलं तर इम्पोर्ट अकाउंटच्या लोकेलचा आदर करायला लागलं, म्हणजे आधी काय उद्धटपणे वागत होतं का? सपोर्टमधल्या मुलीने ते वाचलं आणि शांतपणे विचारलं, "हे मी कस्टमरला फोनवर काय म्हणून सांगू?" बरोबरच आहे तिचं.

डेव्हलपरला विचारलं तर म्हणतो, "काही नाही, डेट पार्सिंग." खोदून खोदून विचारल्यावर कळलं की आधी इम्पोर्ट फाइलमधली तारीख नेहमी दिवस-महिना-वर्ष अशीच वाचायचं, आता अकाउंटच्या सेटिंगप्रमाणे वाचणार, आणि ज्यांनी ते सेटिंग जन्मात उघडलेलं नाही (म्हणजे जवळजवळ सगळेच) त्यांच्याकडे डिफॉल्ट आहे `en-US`, म्हणजे महिना आधी आणि दिवस नंतर. एवढं सगळं रामायण त्या एका `respects` मध्ये!

मग रिलीज झालं आणि फोन सुरू. एका कस्टमरच्या स्क्रीनवर मेसेज होता "18 पैकी 30 ओळी इम्पोर्ट झाल्या नाहीत" आणि तो बिचारा विचारत होता, "मॅडम, माझ्या फाइलमध्ये तीसच ओळी आहेत, तुम्ही अठरामधून तीस काढल्या कुठून?" यावर आमच्याकडून उत्तर गेलं की पेज रिफ्रेश करून बघा. मूळ मेसेज असा:

```
%d of %d rows could not be imported.
```

प्रोग्राम काय करतो, तर पहिल्या `%d` मध्ये पहिला आकडा ओततो, म्हणजे फेल झालेल्या ओळी, आणि दुसऱ्यात एकूण. मराठीत "पैकी" म्हटलं की एकूण आकडा आधी येतो, पण भाषांतर केलेल्या एजन्सीने नुसतं `%d पैकी %d` लिहून दिलं, आकडे आपल्या जागी गप्प बसून राहिले आणि गणिताची वाट लागली. उपाय अगदी साधा आहे, जागांना नंबर द्यायचे:

```
%2$d पैकी %1$d ओळी इम्पोर्ट झाल्या नाहीत.
```

आता दिसतं "30 पैकी 18". सगळे खूश, तिकीट बंद करा म्हणाले. पण मला ते अठरा काही झोपू देईनात. अठराच का? फाइल मागवली तर एप्रिलची, रोज एक बिल, तारखा `01/04` पासून `30/04` पर्यंत. आता टूल पहिला आकडा महिना समजतंय, तेरावा महिना कुठे नसतो, म्हणून १३ ते ३० तारखेची अठरा बिलं लाल. आणि १ ते १२ ची बारा बिलं? ती आत गेली की हो हसत हसत! १ एप्रिलचं बिल ४ जानेवारीला जाऊन बसलं, १२ एप्रिलचं थेट ४ डिसेंबरला, आणि वर हिरव्या पट्टीत "12 ओळी यशस्वीरीत्या इम्पोर्ट झाल्या". म्हणजे आम्ही सगळे लाल मेसेजच्या व्याकरणावर भांडत होतो आणि खरा घोळ हिरव्यात होता. लाल निदान ओरडतो तरी!

हिरव्या मेसेजमध्ये इशारा टाका म्हटलं तर तो मजकूर कोडमध्ये, पुढच्या रिलीजशिवाय बदलत नाही. म्हणून सपोर्टच्या नोटमध्ये मी भाषांतर सोडून सरळ लिहिलं: कस्टमर आकडा सांगेल तेव्हा आधी विचारा की फेल झालेल्या सगळ्या तारखा बाराच्या पुढच्या आहेत का. असतील तर लोकेल `en-IN` करा, आत गेलेल्या ओळी आधी डिलीट करा आणि मगच अख्खी फाइल परत टाका, फक्त फेल झालेल्या ओळी टाकू नका. खाली मूळ इंग्रजी मेसेज जसाच्या तसा ठेवला, कारण बऱ्याच जणांची स्क्रीन इंग्रजीत असते आणि पोरं स्क्रीनशॉटमधली ओळ बघूनच नोट शोधतात.

यात सगळ्यात अवघड काय, तर कस्टमरला हिरवी बारा बिलं डिलीट करायला लावणं. "अहो, ती तर झाली ना नीट, तीच कशाला काढायची?" एकाने तर हट्टाने एक बिल उघडून दाखवलं, तारीख अगदी बरोबर, महिनाही बरोबर. ४ एप्रिलचं होतं.