पहिल्या नंबरला लागलेला फोटो

आत्ता साताऱ्यातल्या एका फोटो स्पर्धेचं परीक्षण करून घरी आलोय आणि डोकं तापलंय. 48 फोटो, आम्ही तिघं परीक्षक, एक प्रोजेक्टर, आणि फोटो दिसला की दहापैकी मार्क लगेच कागदावर. क्रम कुठला, तर फोल्डरमध्ये फाईली जशा लागल्या तसा!

पहिलाच फोटो माणमधल्या धनगर आजोबांचा, खांद्यावर कोकरू, मागं मेंढरांची धूळ. मी 6 दिले. का, तर अजून 47 यायचेत, आत्ताच 9 देऊन बसलो आणि पुढं याहून भारी निघाला तर काय करायचं. बाकी दोघांचेही 6 आणि 5. तिसाव्या फोटोपर्यंत आजचा माल काय आहे ते कळलं, हात सैल सुटला, आणि कासच्या तेरड्याचा साधासा फोटो माझ्याकडूनच 8 घेऊन गेला, कारण त्याच्या आधीचा हललेला आणि काळपट होता, त्यापुढं हा उजळ वाटला. आजोबा त्या जागी असते तर? शेवटी म्हणलं, पहिले पाच परत दाखवा. "सर, बेरीज झाली आता."

वर म्हणे तिघांची सरासरी काढलीय, अन्याय होत नाही. अरे, तिघांनी एकाच क्रमाने बघितलं तर तिघंही एकाच बाजूला चुकणार, सरासरीत ती चूक जाईल कशी?

करायचं फार नाही हो. आधी सगळे फोटो मार्क न देता एकदा भरभर दाखवा, म्हणजे पट्टी डोक्यात बसते. मग प्रत्येक परीक्षकाला वेगळा क्रम, चिठ्ठ्या टाकून काढलेला. नुसतं एकाला 1 पासून, दुसऱ्याला 17 पासून, तिसऱ्याला 33 पासून सुरू करून भागत नाही, कारण तेरड्याच्या आधी तोच काळपट फोटो तिघांनाही येतो, शेजार बदलत नाही. आणि दोन-तीन फोटो गुपचूप दोनदा घाला, एकदा सुरवातीला, एकदा शेवटाकडं. त्याच फोटोला आधी 5 आणि नंतर 7 पडायला लागले की समजायचं पट्टी सरकलीय.

मान्य, अगदी अव्वल आणि अगदी टाकाऊ फोटो कुठंही लावला तरी कळतो. आणि तीनच परीक्षक असले तर चिठ्ठ्यांनीही सगळं फिटत नाही, म्हणून वरचे दहा-बारा छापून टेबलावर एकत्र मांडायचे, हलवायचे, मग नंबर ठरवायचे. पण मधल्या वीस-पंचवीसांत कोण वर आणि कोण बाहेर हे आज निम्मं फाईलीच्या नावानं ठरलं, आणि आजोबा त्या टेबलापर्यंत पोचलेच नसते.

आयोजकांवर तरी किती चिडू, पोरं रात्रभर जागून मांडणी करत होती. 6 तर मीच लिहिला, माझ्याच पेनानं. आजोबांचा फोटो काढणाऱ्या पोराचा नंबर मागून घेतलाय, उद्या सकाळी फोन करणारे.