बंद पडलेल्या नंबरावर आता कोण बोलतंय?

नाशिकच्या सिडकोत माझं ई-सेवा केंद्र आहे. लाडक्या बहिणीच्या ई-केवायसीच्या गर्दीत एक ताई आल्या. आधार नंबर टाकला, ओटीपी पाठवला, आणि आम्ही दोघं त्यांच्या फोनकडे बघत बसलो. ओटीपी काही येईना. मग त्यांना आठवलं की आधारला जुना नंबर आहे, तो बंद करून वर्ष होऊन गेलंय. मी म्हटलं, आधी आधार केंद्रात जाऊन नंबर बदला. ताई माझ्यापेक्षा हुशार. त्यांनी सरळ स्वतःच्याच जुन्या नंबराला फोन लावला. नांदेडकडच्या एका पोराने उचलला. ताईंनी त्याला सगळं समजावलं आणि त्या भल्या पोराने ओटीपी वाचून दाखवला! वर म्हणाला, "मावशी, तुमच्या बँकेचे मेसेजपण मलाच येतात. तेवढं बदलून घ्या."

केंद्रातले सगळे हसले. मला मात्र दिवसभर ते पोरगं डोक्यातून जाईना. ते भलं निघालं म्हणून बरं. नसतं तर?

आधी हे सांगतो की नंबर दुसऱ्याकडे जातो कसा, कारण लोकांना वाटतं की सिम ड्रॉवरमध्ये आहे म्हणजे नंबर आपलाच. मोबाइल कंपन्यांचे नियम ठरवणाऱ्या ट्रायचा नियम असा आहे: प्रीपेड नंबरावरून सलग ९० दिवस काहीच वापर झाला नाही, म्हणजे कॉल नाही, मेसेज पाठवला नाही, डेटा वापरला नाही, तर कंपनी तो नंबर बंद करू शकते. मेन बॅलन्समध्ये किमान २० रुपये असतील तर ते कापून ३० दिवसांची मुदत वाढवून देण्याची सोय आहे. पण अनलिमिटेड पॅक मारणाऱ्या किती जणांच्या मेन बॅलन्सला २० रुपये असतात? माझ्याकडे येणाऱ्यांचा बहुतेक शून्यच दिसतो. नंबर बंद झाल्यावर १५ दिवसांच्या आत तो परत चालू करून घेता येतो. त्यानंतर विसरा. बंद झालेला नंबर किमान ९० दिवस कुणाला देत नाहीत, मग तो पुन्हा विक्रीला येतो.

आता तारखा लावून बघा. समजा तुम्ही १० जानेवारीला त्या सिमवरून शेवटचा फोन केला. १० एप्रिलच्या आसपास नंबर बंद. २५ एप्रिलपर्यंत धावपळ करायची संधी. ९ जुलैनंतर तोच नंबर दुकानात नव्या सिमवर कुणालाही मिळू शकतो. म्हणजे सहा महिन्यांचा खेळ. मुलाकडे अमेरिकेला गेलेले आई-बाबा परत येईपर्यंत एवढे दिवस सहज जातात. आणि नंबर त्याच सर्कलमध्ये, म्हणजे मोबाइल कंपन्यांच्या ठरलेल्या विभागातच, फिरतो. आपलं सर्कल महाराष्ट्र आणि गोवा, मुंबई वगळून. म्हणून नाशिकचा नंबर नांदेडला निघाला. उद्या पणजीलाही निघेल.

यात मला सगळ्यात चीड कशाची येते, तर इशाऱ्याची. "तुमचा नंबर बंद होणार आहे" हा मेसेज जातो कुठे? त्याच नंबरावर. जे सिम फोनमधून काढून ठेवलंय, त्यावर. कंपनीने कळवलं म्हणून कंपनी मोकळी, आणि ज्याला कळायला हवं त्याला पत्ता नाही.

आता त्या पोराच्या हातात नेमकं काय होतं ते बघू. ताईंचा जुना नंबर बँकेलाही होता आणि आधारलाही. बहुतेकांचं असंच असतं, एकच नंबर सगळीकडे दिलेला.

पहिली गोष्ट, काहीही न करता त्याला मेसेज येत होते. खात्यात किती जमा झाले, किती निघाले, खात्याचे शेवटचे चार आकडे. गॅस सिलिंडरच्या मेसेजमधून ग्राहकाचं नाव. बऱ्याच बँकांत रजिस्टर्ड नंबरावरून मिस्ड कॉल दिला की शिल्लक मेसेजने येते, त्याला ना पिन लागतो ना पासवर्ड. म्हणजे अनोळखी माणसाला तुमची शिल्लक नुसत्या मिस्ड कॉलवर.

दुसरी गोष्ट यूपीआय. नवं यूपीआय ॲप टाकलं की ते तुमच्या सिमवरून एक मेसेज पाठवून नंबर तपासतं. या तपासणीत एवढंच सिद्ध होतं की हे सिम या फोनमध्ये आहे. फोन कुणाच्या हातात आहे ते नाही. मग बँक निवडली की त्या नंबराला जोडलेलं खातं समोर येतं. इथपर्यंत तो पोरगा सहज पोचला असता.

पैसे काढायला मात्र यूपीआय पिन लागतो आणि खरी भिंत इथे आहे. पिन नव्याने बनवायला डेबिट कार्डाचे शेवटचे सहा आकडे आणि मुदतीची तारीख लागते. ती अनोळखी माणसाकडे नसते. त्यामुळे "नंबर गेला म्हणजे पैसे गेले" अशी जी फॉरवर्ड फिरतात ती अर्धवट आहेत. पण पिन बनवायचा दुसरा रस्ता आधारचा आहे, आणि अनेक बँका तो देतात. त्यात आधारचे पहिले सहा आकडे आणि ओटीपी. बँक आणि आधार, दोन्हीला तोच जुना नंबर असेल तर ओटीपी नव्या मालकाकडेच येणार. मग भिंत उरते फक्त सहा आकड्यांची. आणि आधारच्या झेरॉक्स आपण कुठे कुठे दिल्यात, लॉजवर, सिमच्या दुकानात, सोसायटीच्या ऑफिसात, ते आठवा. (मास्क्ड आधारमध्ये पहिले आठ आकडे झाकलेले असतात. झेरॉक्स मागणाऱ्याला तेच द्या. चालत नाही म्हणाले तर थोडा वाद घाला.)

तिसरी गोष्ट ईमेल, आणि मला भीती हिचीच जास्त वाटते. गुगलला "ईमेल विसरलो" म्हटलं तर ते फोन नंबर आणि नाव विचारतं. नंबर हातात आहेच. नाव गॅसवाल्याने सांगितलं. ओटीपी आला, की पत्ता कळला. पुढे पासवर्ड बदलताना गुगल आणखी तपासतं, नेहमीचा फोन नसेल तर अडवतंही, त्यामुळे प्रत्येक वेळी जमेल असं नाही. जमलं तर मात्र फोटो, विम्याचे कागद, बाकीच्या साइटचे पासवर्ड बदलायच्या लिंका, सगळं एका दारातून.

हे फक्त इथलं नाही. अमेरिकेत प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ मध्ये कंपन्यांकडे नव्या ग्राहकांसाठी उपलब्ध असलेले २५९ नंबर तपासले. त्यातल्या १७१ नंबरांना आधीच्या मालकाची कुठली ना कुठली खाती अजून चिकटलेली होती.

व्हॉट्सॲपचं जरा वेगळं आहे. आपल्याकडे कितीतरी ज्येष्ठ मंडळी सिम बंद झालं तरी घरच्या वायफायवर जुन्याच नंबरचं व्हॉट्सॲप चालवतात. चालतंही ते. मग एक दिवस नवा मालक त्या नंबरावर व्हॉट्सॲप सुरू करतो, आजोबांचं बंद पडतं आणि "आपला परिवार" ग्रुपमध्ये कुणीतरी परका येऊन बसतो. जुने चॅट त्याला दिसत नाहीत, ते फोनमध्ये असतात. पण पुढचे सगळे मेसेज त्याला. नातेवाइकांना वाटतं आजोबाच आहेत. कुणी पैसे मागितले तर पाठवणारे पाठवतील. टेलिग्राममध्ये तर जुने चॅटही सर्व्हरवरच असतात. तिथे टू-स्टेप पासवर्ड लावलेला नसेल तर ओटीपीवर अख्खा इतिहास उघडतो.

यावर सरकारने काहीच केलं नाही असं म्हणणार नाही. बंद झालेल्या नंबरांची यादी ट्राय काढतं. रिझर्व्ह बँकेने १७ जानेवारी २०२५ च्या परिपत्रकात बँकांना सांगितलं की ही यादी वापरून ग्राहकांचे नंबर तपासा. यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने त्यासाठी आठवड्यातून किमान एकदा नोंदी ताज्या करायला सांगितलं. चांगलंच आहे. पण माझं म्हणणं असं की यादी बघून बँकेने गपचूप मेसेज थांबवणं हे अर्धंच काम झालं. खातेदाराला घरच्या पत्त्यावर एक पोस्टकार्ड टाका ना. पत्ता आहे तुमच्याकडे. पासबुक भरायला माणूस शाखेत येतो तेव्हा खिडकीवर विचारा, "काका, हा नंबर चालू आहे का?" यादीत नंबर सापडला असेल तर विचारायला काय लागतं! आणि गॅस एजन्सी, शाळा, ईमेलवाले, दवाखाने, यांना त्या आदेशांचं बंधनच नाही.

तेव्हा सिम सोडायचं असेल तर ते चालू असतानाच कामं उरका. पहिलं आधार. केंद्रावर बोटं देऊन ते काम होतं, जुना नंबर चालू नसला तरी. आधारला कुठला नंबर आहे तेच आठवत नसेल तर myaadhaar.uidai.gov.in वर आधार वैध आहे का ते तपासायची सोय आहे, तिथे जोडलेल्या नंबराचे शेवटचे तीन आकडे दिसतात. मग बँक, शाखेत अर्ज देऊन. मग ईमेलचा रिकव्हरी नंबर. व्हॉट्सॲपला सेटिंगमध्ये नंबर बदलण्याचा पर्याय आहे. गंमत म्हणजे जुनं सिम मेलेलं असलं तरी तो चालतो, फक्त त्या फोनवर जुन्या नंबरचं व्हॉट्सॲप अजून सुरू हवं. म्हणजे वायफायवाल्या आजोबांचं काम आजच होऊ शकतं.

नंबर ठेवायचाच असेल तर महागड्या डेटा पॅकची गरज नाही. ट्रायने डिसेंबर २०२४ मध्ये कंपन्यांना फक्त कॉल आणि मेसेजचे पॅक ठेवायला लावले आणि त्यांची मुदत ३६५ दिवसांपर्यंत नेता येईल असं केलं. दुकानदार आपणहून सांगत नाही, विचारावं लागतं.

आणि एक, जे बोलायला जरा जड जातं. घरातलं माणूस गेलं की महिन्या-दोन महिन्यांत त्यांचा फोन बंद होतो, रिचार्ज कोण करणार. नेमकं तेव्हाच विम्याचे, पीएफचे, बँकेचे निरोप त्या नंबरावर येत असतात. वारसाची कागदपत्रं पुरी होऊन खाती बंद होईपर्यंत ते सिम जिवंत ठेवा. आलेले ओटीपी वापरून पैसे मात्र काढू नका, तो वेगळा गुन्हा आहे. बँकेला मृत्यूचा दाखला द्या आणि रीतसर दावा करा.

नवं सिम घेणाऱ्यांनाही सांगतो. परक्याच्या बँकेचे मेसेज यायला लागले तर मजा म्हणून यूपीआय उघडून बघू नका. मेसेजमध्ये बँकेचं नाव असतंच. त्यांच्या कुठल्याही शाखेत जाऊन सांगा की हा नंबर आता माझा आहे, तुमच्या ग्राहकाच्या नावावरून काढा. आणि स्वतःच्या खात्याला तो जोडायच्या आधी त्या नंबरावर आधीच कुणाचं काही नोंदलेलं नाही ना, हे बँकेतच विचारून घ्या.