परवानगी नको, दाखला हवा

सुहासचा फ्लॅट विकतोय आणि कमिटीने दोन लाखांचं ‘डोनेशन’ मागितलंय, हे कट्ट्यावर सगळ्यांना पाठ होतं. काल तो एनओसीचं पत्र लिहून घेऊन आला. नंदाने पहिल्याच ओळीवर बोट ठेवलं : ‘फ्लॅट विकण्यास परवानगी मिळावी, ही नम्र विनंती.’

“परवानगी कशाची? फ्लॅट तुझा आहे ना?”

शिरीषकाका तयारच होते. “सोसायटी आहे ती, धर्मशाळा नाही! मी सेक्रेटरी होतो तेव्हा माझ्या सहीशिवाय पान हलत नव्हतं.”

“म्हणून तर गच्चीची गळती सहा पावसाळे तशीच राहिली,” मन्या म्हणाला.

नंदाने विषय सोडला नाही. “काका, सोसायट्यांच्या आदर्श उपविधीत स्पष्ट आहे, शेअर नावावर करायला एनओसी लागत नाही. सभासदाने पंधरा दिवस आधी लेखी नोटीस द्यायची. एनओसी हवीय ती खरेदीदाराच्या बँकेला, कर्ज द्यायच्या आधी. मग पत्रात तेच लिही : फ्लॅट नंबर, शेअर सर्टिफिकेटचा नंबर, घेणाऱ्याचं नाव, बँकेचं नाव. आणि ‘आजवरची थकबाकी नाही, तसा दाखला बँकेच्या नावे द्यावा’. परवानगी मागितलीस की नाकारायचा हक्क तूच त्यांच्या हातात देतोस.”

“आणि दोन लाख?” सुहासने विचारलं.

“महानगरपालिका हद्दीत ट्रान्सफर प्रीमियम जास्तीत जास्त 25,000 रुपये. शासनाने 2001 सालीच ठरवलंय. त्यावर डोनेशन म्हणून सक्ती करता येत नाही.”

“स्वेच्छेने देतात लोक!” काका.

“घर विकायची घाई असलेल्या माणसाची कसली स्वेच्छा?”

यावर काकांकडे उत्तर नव्हतं, त्यांनी चहा मागवला. मला नंदाचं शंभर टक्के पटलं. आमच्याकडे किती जणांनी असे पैसे निमूट भरलेत!

मन्याला भाडेकरूचं पडलं होतं. त्याने फ्लॅट भाड्याने दिलाय, म्हणून त्याला दुप्पट मेंटेनन्स लावलाय. नंदा म्हणाली, “बिगरभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपर्यंतच, तेही पालिकेचा कर वगळून. तुझं सेवाशुल्क 2,000 असेल तर 200 रुपये, संपलं.”

“पत्र द्यायचं कसं? तोंडी ‘बघू’ म्हणतात,” सुहास म्हणाला.

“दोन प्रती काढ. एकीवर सही, शिक्का आणि तारखेसह पोच घे. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठव. नकार देतील तर लेखी कारण माग. पोच आणि ते उत्तर घेऊन सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे जाता येतं. पोचेशिवाय तू पत्र दिलंस हेच सिद्ध होत नाही.”

“शिक्का माझ्याच कपाटात आहे अजून,” काका सहज बोलून गेले.

“काय?” चौघांचा एकच आवाज.

“पाच वर्षं झाली पद सोडून!” मन्या ओरडला आणि जे हसू सुटलं ते थांबेना. सुहासने तिथेच ‘परवानगी’ खोडलं आणि म्हणाला, “चला काका, आत्ताच पोच द्या.”