आरटीआय लागू नाही, म्हणून सोसायटीचे हिशेब मागायचेच नाहीत?

"सोसायटीला आरटीआय लागू नाही, सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे. त्यामुळे सेक्रेटरी हिशेब दाखवायला बांधील नाही. कमिटीच्या मिटिंगचं इतिवृत्त गोपनीय असतं. काय विचारायचं ते वार्षिक सभेत विचारा. थकबाकीदाराने तर अर्जच करू नये."

सांगलीत विश्रामबागला राहणाऱ्या माझ्या मावशीने हा मेसेज वाचला आणि हिशेब मागायला सेक्रेटरींना लिहिलेलं पत्र खणात ठेवून दिलं. म्हणून हे लिहावं लागतंय.

निकाल खरा आहे, तेवढं मान्य करतो. 7 ऑक्टोबर 2013 चा, केरळमधल्या थलप्पलम सहकारी बँकेचा. सहकारी संस्था केवळ सहकार कायद्याखाली नोंदली म्हणून आरटीआयखाली येत नाही, असं कोर्टाने म्हटलं. पण मावशीला आरटीआय हवाय कशाला? सभासदाचा हक्क महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 मधून येतो. आधी तो कलम 32 मध्ये होता, 2019 च्या दुरुस्तीनंतर गृहनिर्माण संस्थांसाठी 154 बी-8 मध्ये आहे. शिवाय त्याच निकालात पुढे लिहिलंय की सहकारी संस्थांचा निबंधक आरटीआयखाली येतो आणि कायद्याने संस्थेकडून मिळवता येईल ती माहिती त्याने द्यायची. कलम 79 प्रमाणे संस्थेला दरवर्षी 30 सप्टेंबरपर्यंत लेखापरीक्षित हिशेब निबंधकाकडे दाखल करावेच लागतात. म्हणजे तोही रस्ता बंद नाही. मेसेज लिहिणाऱ्याने निकाल अर्धाच वाचलाय.

'गोपनीय' हा शब्द मात्र सगळ्यात घातक. सभासदाला फुकट बघता येणाऱ्या कागदांच्या यादीत शेवटचा लेखापरीक्षित ताळेबंद, सभासदांची नोंदवही, सर्वसाधारण सभेचं इतिवृत्त आणि कमिटीच्या सभेचं इतिवृत्त, सगळं आहे. इतिवृत्त नसेल तर नुसत्या ताळेबंदातून काही कळत नाही. समजा उत्पन्न-खर्च पत्रकात 'गच्ची वॉटरप्रूफिंग 1,40,000' अशी एकच ओळ आहे. कोटेशन किती आली, काम कुणाला आणि का दिलं, ठराव कधी झाला, हे इतिवृत्तातच सापडतं. ठरावाची तारीख बिलाच्या नंतरची असेल, किंवा पानं क्रमांकाशिवाय सुटी चिकटवलेली असतील, तर पुढचा प्रश्न काय विचारायचा ते आपोआप कळतं. नेमकं हेच वार्षिक सभेत होत नाही. तिथे तासाभरात वही हातात घेऊन कोण वाचणार?

एक मर्यादा आहे. प्रत्येक व्हाउचर, दुसऱ्याच्या मेंटेनन्सचा खातेउतारा असं मागाल तर सेक्रेटरी नाही म्हणू शकतात. वह्यांमधला स्वतःच्या व्यवहाराचा भागच मागता येतो. 'पाच वर्षांची सगळी फाईल द्या' अशी पत्रं इथेच अडकतात. मावशीचं पत्रही तसंच होतं. ते आता असं केलंय: "फ्लॅट क्र. व भागपत्र क्र. अमुक. 2024-25 चा लेखापरीक्षित ताळेबंद व उत्पन्न-खर्च पत्रक, आणि 1 एप्रिल 2024 ते 31 मार्च 2025 या काळातील व्यवस्थापक समितीच्या सभांचं इतिवृत्त पाहण्यासाठी दिवस व वेळ कळवावी. नंतर सांगेन त्या पानांच्या प्रतींची फी किती ते लेखी कळवावं, भरते."

शेवटचं वाक्य गाळू नका. प्रत देण्याची मुदत अर्जाच्या नाही, फी भरल्याच्या तारखेपासून मोजतात. पावती नसेल तर तक्रार करताना दाखवायला तारीखच उरत नाही. पत्राच्या दोन प्रती न्या आणि आपल्या प्रतीवर सही, तारीख, शिक्का घ्या. नाही म्हणाले तर पोचपावतीसह स्पीड पोस्ट करा, आणि 'घेण्यास नकार' शेऱ्याने पाकीट परत आलं तर ते फोडू नका. तेच पाकीट तालुक्याच्या निबंधक कार्यालयात तक्रारीला जोडायचं.

हातात येईल तो कागद खरंच लेखापरीक्षित आहे का, तेही बघा. लेखापरीक्षकाची सही-शिक्का नसलेला टाईप केलेला जमाखर्च चालत नाही. लेखापरीक्षक सीए असेल तर अहवालावर अक्षरं-आकडे मिळून 18 चिन्हांचा यूडीआयएन हा ओळख क्रमांक असतो, तो udin.icai.org वर तपासता येतो.

थकबाकीदाराबद्दल एवढंच: कलमात 'प्रत्येक सभासद' असे शब्द आहेत.

मेसेजमध्ये नसलेली एक गोष्ट मात्र आधी तपासा. सांगली-साताऱ्यात पुष्कळ इमारती सोसायट्या नाहीतच, 1970 च्या अपार्टमेंट कायद्याखालच्या आहेत. भागपत्र नसून घोषणापत्र असेल तर वरचं कलम लागू नाही, तिथे घोषणापत्र आणि त्याचे उपविधी काढून वाचावे लागतील. आणि फ्लॅट घेतला पण भागपत्रावर अजून आधीच्या मालकाचं नाव असेल, तर पहिलं पत्र सभासदत्वाचं द्या, हिशेबाचं नंतर.