उलट भाषांतर जुळलं, तरी शीर्षक चुकलेलं असू शकतं

"ऑनलाइन विक्रीच्या वस्तूच्या शीर्षकाचं यंत्राने केलेलं भाषांतर पुन्हा मूळ भाषेत करून पाहिलं आणि जुळलं, तर ते शीर्षक प्रसिद्ध करायला हरकत नाही ना?"

हरकत आहे, कारण अनेकार्थी शब्दाची चूक या तपासणीत सहज निसटते. 'स्प्रिंग मॅट्रेस' या इंग्रजी शीर्षकाचं मराठीत 'वसंत गादी' झालं असं समजा. ते परत इंग्रजीत नेलं की पुन्हा 'स्प्रिंग मॅट्रेस'च मिळतं, कारण वसंत ऋतूलाही इंग्रजीत स्प्रिंगच म्हणतात. गाळला गेलेला 'नाही' किंवा बदललेला आकडा उलट भाषांतरात सापडतो, एवढ्यापुरतं ते जरूर करा.

शीर्षकात दोन-तीनच शब्द असतात आणि बऱ्याच ठिकाणी ते वर्णनापासून वेगळं भाषांतरित होतं, त्यामुळे यंत्राला संदर्भच मिळत नाही. म्हणून शीर्षक आणि वर्णनाचं पहिलं वाक्य एकत्र देऊन पुन्हा भाषांतर करा. आता 'स्प्रिंगची गादी' आलं, तर आधीचा शब्द संशयास्पद समजा. मग भाषांतरित शीर्षक चित्रशोधात टाका. त्याच प्रकारच्या गाद्या दिसायला हव्यात. फुलाफुलांच्या चादरी दिसल्या तर थांबा.

शेवटची तपासणी माणसाकडूनच हवी, आणि त्याने मूळ मजकूर पाहिलेला नसावा. मूळ वाचलेल्याला अर्थ आधीच ठाऊक असतो, चुकीचा शब्दही त्याला बरोबर वाटतो. "हे वाचून काय विकत मिळेल असं वाटतं?" एवढंच विचारा. ठरलेला शब्द शब्दसूचीत लिहून ठेवा आणि तोच शब्द आधी प्रसिद्ध झालेल्या शीर्षकांतही शोधा, कारण यंत्राची चूक सहसा एकाच ठिकाणी नसते.