६० टक्के कशाचे?

> "इयरफोनने कान जातात ही अफवा आहे. आवाज ६० टक्क्यांवर ठेवा आणि मग कितीही तास ऐका, काही होत नाही. कानात शिट्टी वाजली तरी झोपून उठलं की जाते, म्हणजे कान पूर्ण बरा झाला. कानाची तपासणी नॉर्मल आली की विषय संपला. फक्त नॉइज कॅन्सलिंगवाले घेऊ नका, त्यातल्या उलट्या लहरी मेंदूला त्रास देतात. पुढे पाठवा."

नाशिकच्या क्लास-कॉलेजच्या ग्रुपांवर फिरणारा हा मजकूर अगदीच बिनबुडाचा असता तर सोडून दिला असता. पण त्यात प्रत्येक वाक्यामागे थोडं खरं आहे, म्हणून तो पटतो.

टक्क्यांपासून सुरुवात करू. स्क्रीनवरचा टक्का फक्त पट्टी किती सरकवली ते सांगतो. कानाच्या पडद्यावर किती आवाज पोचतो हे फोनचा जोर, इयरफोनची संवेदनशीलता, कानातली बसण आणि गाणं किती ठासून रेकॉर्ड केलंय यावर ठरतं. ॲक्सिलरेटर अर्धा पिळला की वेग किती, हे मोपेडला आणि ट्रकला सारखं नसतं, तसंच. एकाच फोनवर, त्याच ६० टक्क्यांना, दोन वेगवेगळ्या इयरफोनमध्ये १० डेसिबलचा फरक सहज पडतो. आणि १० डेसिबल म्हणजे दहापट ऊर्जा.

टक्क्यांऐवजी मोजायचा तो कानावर पडलेल्या आवाजाचा साप्ताहिक साठा. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा मोठ्यांसाठी आठवड्याला ८० डेसिबलवर ४० तास अशी आहे, मुलांसाठी ७५ डेसिबलवर तेवढेच तास. आवाज ३ डेसिबलने वाढला की ऊर्जा दुप्पट होते, म्हणून वेळ निम्मा. ८३ ला २० तास, ८६ ला १० तास. असं करत ९० ला आठवड्याचे जेमतेम चार तास उरतात आणि १०० ला सुमारे २० मिनिटं. म्हणजे "कितीही तास" हे फक्त हळू आवाजाला लागू पडतं, आणि तो किती हळू ते टक्का सांगत नाही.

आता एक हिशेब मांडू. समजा, एक विद्यार्थी नाशिकरोडहून द्वारका, सीबीएस करत कॉलेज रोडला सिटी बसने जातो. जायला पाऊण तास, यायला पाऊण तास, आठवड्याचे सहा दिवस: एकूण नऊ तास. बसमधला गोंगाट ७५ डेसिबल धरू. त्याचे इयरफोन कानाच्या तोंडाशी नुसते टेकणारे, रबरी टोपण नसलेले. बाहेरचा सगळा आवाज आत येतो, म्हणून गाण्याचे शब्द कळावेत यासाठी तो नकळत १५ डेसिबल वर जातो. झाले ९०. मुभा चार तासांची, ऐकणं नऊ तासांचं, म्हणजे सव्वादोन पट.

हाच मुलगा रात्री शांत खोलीत रोज तीन तास लेक्चर ऐकतो, ७० डेसिबलवर. आठवड्याचे २१ तास होतात, पण त्या पातळीला मुभा सुमारे ४०० तासांची आहे. साठ्यातला वाटा पाच टक्क्यांच्या आसपास. घरात आई ओरडते ती या २१ तासांवर, आणि कान झिजतो तो बसमधल्या नऊ तासांत!

म्हणून पहिली सवय: आवाजाची कमाल शांत खोलीत ठरवायची. दार लावा, पंखा बंद करा, नेहमीचं गाणं लावा आणि आवाज शून्यापासून वर नेत, शब्द आरामात कळले की थांबा. फोनची बटणं किती वेळा दाबली ते मोजून लिहून ठेवा. बसमध्येही त्याच्या वर जायचं नाही. तेवढ्यात ऐकू येत नसेल तर गाणं वाढवून उपयोग नाही, बाहेरचा आवाज कमी करायला हवा. आयफोनवर `Settings > Sounds & Haptics > Headphone Safety` मध्ये डेसिबलची कमाल लावता येते; दुसऱ्या कंपनीच्या इयरफोनला तो आकडा अंदाजाचाच असतो. सॅमसंगच्या सेटिंगमध्ये `Media volume limit` शोधा.

साठ्यात फक्त इयरफोन येत नाही, हेही लक्षात ठेवायला हवं. सातपूर-अंबडच्या प्रेस शॉपमधली शिफ्ट त्यात धरायची, आणि ढोल पथकाचा सरावही. नाशिक ढोलाच्या रांगेत १०० डेसिबल धरले तर रविवारचा दोन तासांचा सराव एकटाच आठवड्याच्या साठ्याच्या सहापट होतो. फोमचे इयरप्लग नीट बसवून प्रत्यक्षात १५ डेसिबल कमी झाले, तर तेच दोन तास मुभेच्या सहाव्या भागात बसतात. नीट बसवणं म्हणजे प्लग बोटांत वळून बारीक करायचा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढायचा, प्लग आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवायचा. नुसता तोंडाशी खोचलेला प्लग जवळपास काहीच अडवत नाही. पाकिटावरचा ३० च्या घरातला आकडा प्रयोगशाळेतला असतो, तो जसाच्या तसा हिशेबात धरू नका.

शिट्टीबद्दल. मोठ्या आवाजानंतर कानात शिट्टी वाजणं किंवा दडे बसणं, आणि रात्रीतून ते उतरणं, हे खरंच घडतं. अंतर्कर्णातल्या केसपेशी थकतात आणि ऐकण्याची पातळी तात्पुरती खाली येते. पण उतरलं म्हणजे सगळं जागेवर आलं असं नाही. २००९ मध्ये कुजावा आणि लिबरमन यांनी उंदरांना दोन तास १०० डेसिबलचा आवाज ऐकवला. काही दिवसांत त्यांची ऐकण्याची पातळी पूर्ववत झाली, केसपेशीही शाबूत होत्या, पण उंच स्वरांच्या भागात केसपेशी आणि श्रवणतंतू यांच्यामधले निम्म्यापर्यंत सांधे कायमचे गेले होते. माणसाच्या कानात हे सांधे थेट मोजणारी खात्रीची चाचणी अजून नाही. केसपेशींचं तर उघड आहे: एका कानात त्या साधारण १५ हजार असतात आणि मेलेली पेशी पुन्हा उगवत नाही. तेव्हा शिट्टी ही त्या दिवशी मर्यादा ओलांडल्याची पावती समजा. पुढचे सोळा-अठरा तास कानात काही घालू नका, आणि कशाने वाजली ते शोधा. दोन दिवसांनंतरही वाजत राहिली तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा. एका कानाचं ऐकू येणं अचानक, काही तासांत किंवा दिवसात, कमी झालं तर मात्र वाट पाहायची नाही. ती वेगळी आणि तातडीची गोष्ट आहे. स्टेरॉइडचे उपचार पहिल्या काही दिवसांत सुरू झाले तरच त्यांचा चांगला उपयोग होतो.

शिट्टीपेक्षा गुपचूप येणारी लक्षणं जास्त महत्त्वाची आहेत. आवाजाचा मार पहिल्यांदा ३ ते ६ हजार हर्ट्झच्या पट्ट्यात, बहुतेकदा ४ हजाराच्या आसपास बसतो. स्वर त्याच्या बरेच खाली असतात, ते टिकतात. स, श, त, थ, फ यांची धार मात्र वरच्या पट्ट्यात असते, ती बोथट होते. म्हणून माणूस "ऐकू येत नाही" म्हणत नाही, "लोक पुटपुटतात" म्हणतो. शांत खोलीत ठीक असतं, पण कँटीनमध्ये 'सात' आणि 'हात' यांत गोंधळ होतो, फोनवर ओटीपी दोनदा विचारावा लागतो. भांड्यांचा खणखणाट अचानक नको इतका टोचायला लागणं हेही एक लक्षण. आणि सगळ्यात सोपी खूण तुमच्याच नोंदीत आहे. शांत खोलीत पूर्वी सात टप्प्यांवर छान ऐकू येणारं तेच गाणं, त्याच इयरफोनवर, आता नऊ टप्प्यांवर लागत असेल तर आधी जाळीतला मळ साफ करून पाहा, मग स्वतःच्या कानावर शंका घ्या.

तपासणीच्या नॉर्मलपणाची गोष्ट अशी. ऑडिओग्रामच्या कागदावर खाली एक सरासरी लिहिलेली असते, बहुतेकदा ५००, १००० आणि २००० हर्ट्झची. समजा, एका तरुणाच्या उजव्या कानाचे आकडे १०, १० आणि १५ डेसिबल आले. सरासरी १२ च्या आत, शेरा नॉर्मल. पण त्याच कागदावर ४००० ला ३५ आहे आणि ८००० ला पुन्हा १५. आलेख खाली उतरून परत वर येतो, ती आवाजाच्या माराची नेहमीची खाच. ४००० चा आकडा सरासरीत धरला तरी साडेसतराच भरतात, आणि २० च्या आत नॉर्मल मानतात, म्हणजे शेरा तोच राहतो!

तेव्हा शेऱ्यावर न थांबता आलेखाची प्रत मागून घ्या. लाल गोल उजव्या कानाचे, निळ्या फुल्या डाव्याच्या. ऑडिओलॉजिस्टला ३००० आणि ६००० हर्ट्झही तपासायला सांगा, कारण साध्या तपासणीत ते गाळले जातात आणि खाच नेमकी तिथे असू शकते. जाण्यापूर्वी किमान चौदा तास मोठा आवाज आणि इयरफोन टाळा, नाहीतर तात्पुरती उतरलेली पातळीच कागदावर येईल. केसपेशींची झीज लवकर दाखवणारी ओएई नावाची चाचणीही असते; कानात बारीक प्रोब बसवून ती काही मिनिटांत होते आणि बटण दाबावं लागत नाही. खाच फक्त एकाच कानात असेल तर इयरफोनवर खापर फोडून मोकळे होऊ नका, दुसरं कारण शोधायला हवं.

राहिल्या उलट्या लहरी. नॉइज कॅन्सलिंगमध्ये माइक बाहेरचा आवाज टिपतो आणि त्याच्या उलट दाबाची लहर इयरफोन सोडतो. दोन्ही पडद्यापाशी एकमेकींना खोडतात, म्हणजे कानावरचा एकूण दाब कमी होतो. काहींना सुरुवातीला कान भरल्यासारखा वाटतो, तेवढंच. बसच्या इंजिनाची सलग घरघर यात छान कमी होते, हॉर्न आणि बोलणं तितकं नाही. वरच्या विद्यार्थ्याने असे इयरफोन वापरले आणि त्यामुळे गाणं ८० वर भागलं, तर त्याचे नऊ तास ४० तासांच्या मुभेत बसतात, जेमतेम पाव भागाएवढे. दुचाकीवर किंवा द्वारका चौक ओलांडताना मात्र काढून ठेवा, तिथे हॉर्न ऐकू यायलाच हवा.

पैसे नसतील तर रबरी टोपणांचे साधे वायरवाले इयरफोनही बरंच काम करतात, फक्त माप बरोबर हवं. डब्यात बहुतेकदा तीन मापांची टोपणं येतात, आणि बहुतेक जण लावून आलेली मधली जोडी कधी बदलतच नाहीत. दोन्ही इयरफोन घालून, गाणं न लावता, तोंड मिटून 'हूं' करा. स्वतःचा आवाज डोक्यात घुमला तर टोपण नीट बसलं. एकाच बाजूला घुमला तर दुसऱ्या कानाला मोठं माप लावा. दोन कानांची मापं वेगळी असणं अगदी नेहमीचं आहे.